कमोड डुगडुगतोय आणि बुडाशी वास येतोय, काढून परत बसवावा लागेल का?

नंदू_गुहागर

मंडळी नमस्कार. घर गुहागरजवळ, जुनं जांभ्याचं, तळमजलाच. आईच्या गुडघ्यांमुळे देशी भांडं काढून कमोड बसवून घेतला, वन पीस, एस ट्रॅप, म्हणजे मैल्याचा पाइप खाली जमिनीत जातो तसला, पाइप भिंतीपासून ९ इंचावर आणि कमोडही ९ इंचाचाच घेतलाय, तेवढं जुळतंय. जुन्या लादीवरच नवीन टाइल लावल्या, मग प्लंबरने कमोड ठेवला, बाजूने दोन स्क्रू मारले आणि चारी बाजूंनी व्हाइट सिमेंट फासून गेला.

सुरुवातीला ठीक होतं. आता आई बसताना उठताना कमोड हलतो, म्हणजे पुढे डावीकडे वजन गेलं की टक् असा आवाज होतो आणि मागची उजवी बाजू किंचित उचलते. सिमेंटला पुढून केसासारखी चीर गेलीय, त्या चिरेजवळचा टाइलचा सांधा कायम ओलसर काळपट, आणि सकाळी दार उघडलं की वास. प्लंबरला फोन केला तर म्हणतो चीर भरून घ्या, वरून सिलिकॉन मारा, काढायची काय गरज नाय. गणपतीत घर भरणार आहे, त्याआधी हे निस्तरायचंय. काढावाच लागेल का? आणि काढला तर बसवताना काय काय बघायचं?

बोरिवली_ते_राजापूर

घर बंद असतं का तुमचं? आमच्या गावच्या घरी शिमग्याला गेलो की हाच वास. वर्षातून दोनदाच उघडतो आम्ही. कमोडमधलं आणि नहाणीच्या जाळीखालचं पाणी सुकून जातं, मग सेप्टिक टाकीतला वास सरळ आत. जाताना जाळीत थोडं खोबरेल ओतून जायचं, पाणी लवकर उडत नाही. कमोड काढायच्या भानगडीत पडू नका.

नंदू_गुहागर

नाही हो दादा, आई बाराही महिने इथेच असते, कमोड रोज वापरात आहे. पाणी सुकायचा प्रश्नच नाही. आणि हलतोय त्याचं काय?

मालवणी_माणूस

माझ्याकडे पण ह्याच झाला. प्लंबराक बोलावलंय की तो येता, पांढरा सिमेंट फासता, चाय पिता आणि जाता. पावसात परत तीच चीर. ह्या लोकांका कमोडाखाली काय असता ता बघूचाच नसता. वाचतंय हयसर, कोणी सांगा.

गवंडी_चिपळूण

मी गवंडीकाम करतो, शंभर कमोड बघितले असतील. सिमेंटवर उगाच राग काढू नका. कमोड धरतं ते सिमेंटच, ते स्क्रू नुसते नावाला असतात. कमोडच्या बुडाला खालून चकाकी नसते, खरखरीत माती असते, तिथे सिमेंट चांगलं चिकटतं. प्लंबर लोक नुसतं बाहेरून फासतात ते चूक. खाली १ ला ३ माल पसरून त्यावर कमोड दाबून बसवा आणि २ दिवस कोणाला बसू देऊ नका. हलला तर मला सांगा.

दापोलीकर_फिटर

नंदू, सिलिकॉन मारून चीर बंद करू नकोस. चीर बंद झाली की पाणी दिसायचं बंद होईल, यायचं बंद होणार नाही. खाली कोब्यात जिरत राहील आणि पुढे जांभ्याच्या भिंतीला ओल चढेल.

मी मुंबईत हॉटेलांच्या बाथरूमची फिटिंगं केली बरीच वर्षं, आता गावी आहे. आधी हे ठरव की ते पाणी कमोडच्या खालून येतंय की वरून. जेट स्प्रेचा नळ, फ्लशच्या टाकीचा इनलेट, यांतून थेंब थेंब गळून ओघळ मागून खाली उतरतो आणि उतार पुढे असला की पुढच्या चिरेशी येऊन थांबतो. लोक उगाच कमोड काढतात. तर रात्री झोपताना जेटचा आणि टाकीचा दोन्ही अँगल कॉक बंद कर, बुडाभोवती फडक्याने कोरडं कर, सुकं वर्तमानपत्र चारी बाजूंनी अंथर. सकाळी कागद कोरडा असेल तर बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ घोळवून ती बादली एकदम कमोडमध्ये ओत आणि तेव्हाच कोणाला तरी पुढे डाव्या बाजूला रेलून बसायला सांग. कागदावर निळं आलं तर कमोड आणि पाइप यांच्यामधली रिंग गेली. निळं नाही आलं तर मग दुसरीकडे शोधू. आणि हो, राजापूरच्या दादांचंही ऐक, नहाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून बघ, फुकटची तपासणी आहे.

गवंडीबुवा, तुमचं अर्धं पटलं. बुडाला माल चिकटतो हे खरं. पण माल वजन घेतो, हलणं थांबवत नाही. कमोड डुगडुगत असताना त्यावर माल घातला की माल आधी तडकणार, तेच इथे झालंय.

सुमनताई_दाभोळ

आमच्याकडे जुलैत कमोडमध्ये बुडबुडे येतात आणि फ्लश केला की पाणी वर चढून हळूहळू उतरतं. हेही रिंगचंच का?

दापोलीकर_फिटर

नाही ताई, तुमचा शोषखड्डा भरलाय. पावसात जमिनीतलं पाणीच वर येतं, मग खड्डा घेणार कुठून. त्याला वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

नंदू_गुहागर

काका, केलं सगळं. रात्रभर कागद कोरडा. नीळ ओतली, भाऊ पुढे रेलून बसला, आणि डावीकडच्या चिरेतून निळी रेघ आली. फार नाही, पण आली.

मग आज कमोड काढलाच. पाणी बंद केलं, भांड्यातलं पाणी स्पंजने काढलं, पातळ छिन्नीने सिमेंट कोरलं. उजवा स्क्रू आट्यांनी न फिरता भोकातल्या नायलॉनच्या गिट्टीसकट हातात आला. डाव्याचं डोकं गंजून इतकं झिजलेलं की पान्याने धरेना, शेवटी ग्राइंडरने उडवलं. खाली पुढच्या बाजूला टाइलचा तुकडा आणि पुठ्ठ्याची घडी ठेवलेली, पुठ्ठ्याचा भिजून लगदा. आणि सर्वात मजेशीर म्हणजे मेणाची रिंग मागच्या बाजूला थोडी दबलेली, पुढचा अर्धा भाग डब्यातून काढल्यासारखा गोल गरगरीत! फोटो टाकतोय.

पाइप ११० चा. त्याचं तोंड टाइलच्या खाली गेलंय, नवीन टाइलमुळे. आता पाइपात बोळा कोंबून ठेवलाय.

दापोलीकर_फिटर

बोळ्याला दोरी बांधून दोरी बाहेर ठेव, आत गेला तर सेप्टिक टाकीपर्यंत जाईल.

रिंग गोल राहिली म्हणजे ती कमोडला लागलीच नव्हती. आता मोजमाप घे, अंदाज नको. १) सरळ पट्टी टाइलवर आडवी ठेव आणि तिच्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत किती खोल ते मोज. २) कमोड गोधडीवर आडवा कर, बुडावर तीच पट्टी ठेव, आणि कमोडच्या खालच्या नळीचं तोंड पट्टीपासून किती आत आहे ते मोज. ३) टाइलला उतार किती, ते स्पिरिट लेव्हल ठेवून बघ, जिथे पोकळ राहते तिथे नाणी सरकवून मोज. तिन्ही आकडे सांग.

नंदू_गुहागर

१) १८ मिमी खाली. २) १२ मिमी आत. ३) कमोडची लांबी जेवढी जमिनीला टेकते, साधारण २ फूट, तेवढ्यात पुढची बाजू ७ मिमी खाली आहे, आणि डावीकडे अजून १-२ मिमी. नहाणी डावीकडे पुढे आहे म्हणून.

दापोलीकर_फिटर

हिशेब बघ आता. नळीचं तोंड १२ आत, पाइप १८ खाली, झाले ३०. कमोड लेव्हलला आणायला खाली पाचरी घालाव्या लागतील, त्यांच्यावर मागची बाजूही एक-दोन मिमी उचलली जाणार, म्हणजे ३२ धर. साधी मेणाची रिंग २५ मिमी जाडीची असते. ३२ च्या फटीत २५ ची रिंग, म्हणजे मध्ये ७ मिमी हवा. तुझ्याकडे मागे थोडी दबली ती कमोड मागे झुकून बसला म्हणून. वास तिथूनच, आणि फ्लशचं पाणी उसळलं की तिथूनच बाहेर.

उताराचं म्हणशील तर टाइलवाल्याने बरोबर केलंय. ८० ला १ चा उतार म्हणजे २ फुटांत साडेसात मिमी, तुझे ७ आले. बाथरूमला तो हवाच, नाहीतर पाणी साचेल. पण कमोडचं बूड सपाट असतं. सपाट वस्तू उतारावर आणि वर डावीकडे पीळ, म्हणून ती तीन ठिकाणी टेकते आणि चौथ्या कोपऱ्यात डुगडुगते. प्लंबरने पुठ्ठा घातला तेव्हा त्याला हे कळलं होतं, फक्त पुठ्ठा घातला.

मालवणी_माणूस

दोन रिंगा एकावर एक ठेवल्यार नाय चालूचा? आमच्या शेजाऱ्यान तसाच केल्यान.

दापोलीकर_फिटर

चालतं म्हणणारे आहेत, टिकलेल्याही मी बघितल्यात. पण दोन मेणांच्या मधला सांधा सरकतो, बसवताना जरा तिरपं उतरलं की वरची रिंग बाजूला घसरते आणि तुम्हाला वरून कळत नाही. तळमजल्यावर, घरचं माणूस बसवणार, तिथे मी नाही सांगणार.

नंदू, तू पाइपाचं तोंडच वर आण. पीव्हीसीचा फ्लॅंज मिळतो, खाली गळा आणि वर ताटलीसारखी चकती. गळा ११० च्या पाइपात आतून जातो. आतून गेल्याने वाट जराशी अरुंद होते पण अरुंदातून रुंदात मैला पडतो, अडकत नाही, उलटं असतं तर अडकला असता. आधी पाइपाभोवती टाइलचा जो खड्डा दिसतोय तो सिमेंट-रेतीने टाइलबरोबर भरून घे, चकतीला बसायला सपाट जागा हवी. वाळलं की गळ्याला सॉल्व्हंट लावून चकती टाइलवर दाबून बसव. चकती ६ मिमीची धर. आता नवीन हिशेब, १२ अधिक २ वजा ६, म्हणजे ८ मिमी फट. २५ ची रिंग ८ वर दबली की सगळीकडून चिकटेल. फक्त चकती कमोडच्या बुडातल्या पोकळीत मावतेय का ते दुकानातच मोजून घे.

नंदू_गुहागर

इथल्या दुकानात मेणाची रिंग एकच होती, ती पण डब्यात वितळून एका बाजूला जमलेली. रबराची मिळतेय, काळी, स्पंजासारखी मऊ. ती चालेल का?

गवंडी_चिपळूण

रबरच घ्या. मेण आपल्याकडच्या हवेत टिकत नाही, उन्हाळ्यात पातळ होतं.

दापोलीकर_फिटर

बसवलेलं मेण पातळ होत नाही हो, बाथरूमच्या जमिनीला एवढी उष्णता कुठली. दुकानाच्या पत्र्याखाली खोक्यात पडून असतं तिथे वाकडं होतं, तसलं घ्यायचं नाही एवढंच. रबराचा फायदा वेगळा आहे, चुकून कमोड उचलावा लागला तर रबर परत फुगतं, मेण एकदा दबलं की टाकून द्यायचं. तोटा असा की रबर मेणासारखं भेगांत शिरत नाही, त्याला खाली वर गुळगुळीत आणि सपाट जागा हवी. तुझा फ्लॅंज नवा आहे, घे रबर. पण जाडी मोजून घे, २० च्या खाली नको.

नंदू_गुहागर

फ्लॅंज चिपळूणला मिळाला, बसवला, चकती खरंच ६ मिमीच आहे. आता पाचरी आणि स्क्रू. स्क्रूचं भोक तर बाद झालंय, गिट्टी गोल फिरते.

दापोलीकर_फिटर

आधी पाचरी, स्क्रूचं नंतर. आणि रिंग अजून बाहेरच ठेव.

रिंगशिवाय कमोड जागेवर ठेव. सीट काढून टाक, भांड्याच्या काठावर लेव्हल आडवी आणि उभी दोन्ही ठेव. आता पुढून आणि डावीकडून प्लास्टिकच्या पाचरी हळूहळू सरकव, ठोकायच्या नाहीत, हाताने जातील तेवढ्याच. बुडबुडा मध्ये आला की भांड्याच्या चारी कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाब. कुठेच टक् आवाज येता कामा नये. पाचर लाकडाची नको, फुगते आणि कुजते. पुठ्ठा तर नकोच. टाइलचा तुकडा सुद्धा नको, त्याची एक कड टेकते आणि तेवढ्याच ठिकाणी चिनीमातीवर सगळं वजन येतं, मग एक दिवस भांड्याला चीर.

आणि एकेक पाचर दोन्ही स्क्रूंच्या अगदी शेजारी हवीच. स्क्रू आवळला की तो भांडं खाली खेचतो. खाली पोकळ असेल तर भांडं वाकणार, चिनीमाती वाकत नाही, तडकते.

मग रिंगेची खात्री करायची. घरात कणीक असेलच. लिंबाएवढे चार गोळे घट्ट मळून फ्लॅंजच्या चकतीवर चार दिशांना ठेव, कमोड पाचरींवर सरळ उतरव, वजन टाक, उचल. गोळे किती जाडीचे उरले ते मोज. तुझे ८ च्या आसपास यायला हवेत, चारही सारखेच. एखादा गोळा दबलाच नाही तर तिथे रिंगही दबणार नाही.

बोरिवली_ते_राजापूर

😂 काका, ह्या कणकेच्या पोळ्या मात्र करू नका.

नंदू_गुहागर

झालं. मागचे दोन गोळे ७, पुढचे ९ आणि १०. कमोड लेव्हलला आहे, पाचरी पुढे तीन, डावीकडे दोन, स्क्रूच्या शेजारी एक एक. टक् आवाज गेला. पाचरींच्या जागा टाइलवर मार्करने आखल्या, भांड्याची कडाही आखली.

आता स्क्रू. जुन्या भोकात सळई घातली तर सुमारे ३ इंचांनंतर सैल माती लागते, लाल.

दापोलीकर_फिटर

छान आलेत गोळे. २० ची रिंग १० वर दबली तरी चालेल.

लाल माती म्हणजे कोब्याखालचा भराव. जांभ्याच्या घरात हे ठरलेलं. नायलॉनची गिट्टी फुगून बाजूच्या भिंतीला दाबते म्हणून धरते, बाजूला भराव असेल तर ती दाबणार कशाला. तुझ्या प्लंबरने लांब स्क्रू घेऊन खाली भरावात नेला असणार, म्हणजे वरचा चांगला कोबा सोडून दिला.

उजव्या बाजूला कोबा अजून भक्कम असला तरी थोडं सरकून नवं भोक पाडायला जागा नाही, कमोडचं भोक तिथेच आहे. मग दोन मार्ग. एक, केमिकल अँकर, ट्यूबमधून भोकात भरायचा, पोकळ असेल तर जाळीची नळी आत घालून, मग त्यात स्टड. दोन, जुन्या पद्धतीने चार इंच बाय चार इंच खड्डा कोरून काँक्रीटमध्ये शेपूट वाकवलेला रॅग बोल्ट उभा करायचा, पण मग आठवडाभर पाणी मारत थांबायचं आणि बोल्ट तसूभर सरकला तर भांडं बसणारच नाही.

गवंडी_चिपळूण

रॅग बोल्टच करा. केमिकल वगैरे महाग आणि कोण विश्वास ठेवणार. साचा म्हणून प्लायवर कमोडच्या भोकांचं माप काढा आणि त्यात बोल्ट अडकवून माल भरा, सरकत नाही.

दापोलीकर_फिटर

हा साच्याचा सल्ला लाखमोलाचा आहे, गवंडीबुवा. गणपतीला वेळ असेल तर हेच.

नंदू_गुहागर

एवढे दिवस नाहीत, आई देशी संडासात जातेय शेजारी. केमिकलच करतो. डावीकडचं भोक ठीक आहे का ते कसं कळेल? आणि बोल्ट कुठल्या धातूचे? जुने गंजले ते चंदेरीच होते.

दापोलीकर_फिटर

चंदेरी म्हणजे जस्ताचा मुलामा असणार. खाडीच्या हवेत आणि त्यावर संडास साफ करायचं ऍसिड, तो मुलामा एका पावसात उतरतो. स्टेनलेस घे, त्यातही ३१६ मिळालं तर बरं, ३०४ ला किनाऱ्यावर तपकिरी डाग पडतात. पितळी पण चालतात. पण ऍसिड कुठल्याच धातूला चांगलं नाही, ते भांड्यात ओतताना बाहेर बोल्टवर पडलं तर लगेच धुवून टाकायला सांग आईंना.

डावं भोक: टाइलमधून भोक पाडताना हॅमर बंद, टाइलचा बिट, टाइल पार झाली की कोब्यासाठी हॅमर. भुसा बाहेर येतो तो बघ, करडा पांढुरका येत असेल तर कोबा, लाल आला की थांब. गिट्टी टाइलच्या खाली पूर्ण जायला हवी, गिट्टीचा फुगणारा भाग टाइलमध्ये राहिला तर स्क्रू आवळताना टाइलच फुटते. मग भोकातली धूळ सायकलच्या पंपाने फुंकून काढ, धुळीत गिट्टीही धरत नाही आणि केमिकलही धरत नाही. स्क्रू घालण्याआधी भोकात सिलिकॉनचा थेंब सोड, नाहीतर बाथरूमचं पाणी त्या भोकातूनच कोब्यात उतरेल.

मालवणी_माणूस

ह्या सगळा प्रिंट काढून प्लंबराच्या हातात देतलंय.

नंदू_गुहागर

काल केमिकलचा स्टड बसवला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी पान्याने हलवून बघितला, दगडासारखा. आज भावाला घेऊन कमोड उतरवला. रिंग फ्लॅंजवर मध्यभागी ठेवली, दोघांनी दोन बाजूंनी धरून आखलेल्या रेषेवर सरळ खाली, मी वर बसून वजन टाकलं. बरोबर केलं ना? नट अजून नुसते हाताने लावलेत.

दापोलीकर_फिटर

बरोबर. वजनाने रिंग दाबायची, नटाने ओढून नाही. एकदा टेकल्यावर फिरवला नाहीस ना? ठीक.

आता नटाखाली आधी प्लास्टिकचा वॉशर, त्यावर स्टीलचा, मग नट. डावीकडे अर्धा आटा, उजवीकडे अर्धा आटा, असं. ड्रिलला सॉकेट लावून नको, हातातला छोटा पाना. पाना अडला की थांब, अजून एक फेरा मारायचा मोह होतो, तिथेच भांडी फुटतात. उद्या परत पाना लावून बघ, रबर बसलं की पाव आटा सैल होतो, तेवढाच घे. मग पाचरींचे बाहेर आलेले शेंडे कटरने काप.

नंदू_गुहागर

निळीची परीक्षा परत घेतली, कागद कोरडा, भाऊ पुढे मागे डावीकडे उजवीकडे रेलला तरी कोरडा. वास दोन दिवसांत गेला. आता बाहेरून काय लावू? सिमेंट की सिलिकॉन?

गवंडी_चिपळूण

व्हाइट सिमेंट. पाचरींच्या मध्ये जी पोकळी आहे ती भरली की वजन सगळ्या बुडावर पसरतं. सिलिकॉन मऊ, त्याचं काम नाही ते.

दापोलीकर_फिटर

या बाबतीत गवंडीबुवांशी मी निम्मा सहमत. पोकळी भरायला पातळ ग्राउट पाचरींच्या मधून आत ढकल, चालेल, वजन पसरतं हे खरंय. पण बाहेरची कड मी सिलिकॉननेच बंद करतो, बुरशी न धरणारं सॅनिटरी सिलिकॉन, कारण उद्या काढायचा झाला तर ब्लेडने कापता येतं. आणि मागे भिंतीकडे चार बोटं जागा उघडी सोड. कधी रिंग गेलीच तर पाणी तिथून दिसेल.

गवंडी_चिपळूण

मागे उघडं ठेवलं तर तिथे घाण साचते, झुरळं होतात. मी पूर्ण बंदच करतो. गिऱ्हाईकपण तसंच मागतं.

सुमनताई_दाभोळ

मला मागे उघडं ठेवलेलंच पटलं, पण साफ करायला हात जाणार नाही हे खरं.

नंदू_गुहागर

मी उघडं ठेवलं. बाकी सिलिकॉन. सर्वांचे आभार, काका विशेष.

बोरिवली_ते_राजापूर

काका एक विचारायचं राहिलं. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये पण कमोड बदलायचाय, दुसरा मजला. तिथेही असंच ड्रिल मारायचं ना?

दापोलीकर_फिटर

थांबा! इमारतीत बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली उतरवलेला असतो, त्यात वॉटरप्रूफिंग आणि पाइप, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. खाली नेमकं काय आणि किती खोल आहे हे माहीत नसताना ड्रिल मारलं तर वॉटरप्रूफिंग फुटेल आणि खालच्या मजल्यावरचे लोक तुमच्या दारात उभे राहतील. ज्याने बाथरूम केलं त्याला विचारा. कळलं नाही तर भोक कमी खोलीचं, तेही टाइल आणि तिच्याखालच्या मालातच राहील एवढं. नाहीतर ड्रिलच नको, पाचरी लावून खाली इपॉक्सी किंवा सिलिकॉनवर बसवा.

गवंडी_चिपळूण

बोल्टशिवाय नुसत्या सिलिकॉनवर कमोड? वजनदार माणूस बसला आणि बाजूला कलला तर? मी नाही बसवणार.

दापोलीकर_फिटर

वन पीसचं स्वतःचंच वजन भरपूर असतं, आणि बसवून वापरात असलेले मी बघितलेत. पण तुमची शंका रास्त आहे, आजारी किंवा म्हातारं माणूस असेल, कमोडला धरून उठत असेल, तर मीही बोल्टच मागेन. दादा, घरात कोण वापरणार आहे ते सांगा आधी.